वाटाणा, सोया की तांदूळ? प्रोटीनचा डबा घेण्याआधी त्याची मागची बाजू कशी वाचायची

प्रोटीन पावडरचा डबा हातात घेतलात की आधी तो उलटा करा. पुढच्या बाजूला हिरवी पानं, पिळदार दंड आणि मोठ्या अक्षरांतला एखादा आकडा असतो. आत नेमकं काय आहे ते मागच्या बाजूला, बारीक टायपात लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला दहा मिनिटं पुरतात.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. राहायला ऐरोलीत आहे, त्यामुळे ऐरोली, घणसोली आणि खाडीपलीकडच्या ठाण्यातली, नुकतीच जिम सुरू केलेली मुलंमुली ओळखीतून डबे घेऊन येतात. कुणाला व्हे पावडरने पोट फुगतं, कुणी दूध सोडलेलं असतं, कुणाला ट्रेनरने "प्लांट प्रोटीन हलकं असतं" असं सांगितलेलं असतं. प्रश्न मात्र एकच, "काकू, हे घेऊ ना?" त्याचं उत्तर डबा न वाचता देता येत नाही. म्हणून आमच्याच इमारतीतल्या ओंकारने आणलेला डबा समोर ठेवून सगळं सांगते. वाटाणा आणि तांदळाचं मिश्रण, चॉकलेट चवीचं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, कारण अशी लेबलं बाजारात भरपूर आहेत.

आधी ठरवा: दिवसाला किती स्कूप?

हा प्रश्न पहिला घ्यायचा, कारण पुढचं सगळं गणित त्यावर चालतं. जड धातू असोत की स्वीटनर, शरीरात किती जातं ते स्कूपच्या संख्येवर ठरतं.

ओंकारचं वजन ६४ किलो. साध्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरेसं धरतात, म्हणजे त्याच्यासाठी साधारण ५३ ग्रॅम. नियमित वजनं उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभरेक ग्रॅम लागतात. त्याहून जास्त खाल्ल्याने स्नायू वाढण्यात फारसा फरक पडत नाही. घरच्या वरण, उसळ, दही, पोळ्या यांतून त्याला साठेक ग्रॅम मिळत होते. संध्याकाळच्या भाजीत ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स घातले की २५-२६ ग्रॅमची भर पडते. एका स्कूपमधून २४ ग्रॅम आले की हिशेब पूर्ण झाला. ट्रेनरने त्याला दिवसाला तीन स्कूप सांगितले होते. त्याची गरज एकाच स्कूपची होती.

पोषणतक्ता: टक्केवारी स्वतः काढा

ओंकारच्या डब्यावर एक स्कूप ३६ ग्रॅमचा आणि त्यात प्रोटीन २४ ग्रॅम असं लिहिलं होतं. चोवीस भागिले छत्तीस, म्हणजे ६७ टक्के. पुढच्या बाजूला "आयसोलेट", म्हणजे बाकीचे घटक काढून वेगळं केलेलं प्रोटीन, असं ठळक छापलं होतं. नुसत्या वाटाण्याच्या आयसोलेटमध्ये प्रोटीन ८० टक्क्यांच्या आसपास असतं, तांदळाच्या चांगल्या पावडरमध्येही तितकंच, आणि सोया आयसोलेटमध्ये ९० टक्क्यांपर्यंत. चव घातल्यावर टक्का उतरतोच, कारण कोको, दाटपणा आणणारा डिंक आणि मीठही जागा घेतात. चवीच्या पावडरीत ६५ ते ७५ टक्के मिळाले तर ठीक. पन्नासच्या खाली आकडा आला तर तुम्ही प्रोटीनच्या भावात दुसरंच काहीतरी विकत घेताय.

त्याच तक्त्यात सोडियमही पाहा. या डब्यात ते एका स्कूपला ३८० मिलिग्रॅम होतं. वाटाण्यातून प्रोटीन वेगळं काढताना आम्ल आणि अल्कली वापरतात, आणि ते अल्कली बहुधा सोडियमचं असतं. त्यामुळे वाटाणा प्रोटीन मुळातच थोडं खारट असतं. निरोगी माणसाला एका स्कूपचं काही वाटणार नाही, पण रक्तदाब असेल तर हा आकडा रोजच्या मिठात धरावा लागतो.

घटकांची यादी: क्रम काय सांगतो

यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. ओंकारच्या डब्यावर क्रम असा होता: वाटाणा प्रोटीन आयसोलेट, ब्राऊन राइस प्रोटीन, कोको पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन, फ्लेवर, डिंक, मीठ, आणि शेवटी स्वीटनर आयएनएस ९५५ व ९६०.

वाटाणा आधी आणि तांदूळ नंतर, हे बरं आहे. वाटाण्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि तांदळात लायसिन. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते, आपल्या वरणभातात होतं तसं. साधारण ७० भाग वाटाणा आणि ३० भाग तांदूळ हे प्रमाण चांगलं मानतात. सोयामध्ये सगळी आवश्यक अमिनो आम्लं पुरेशी असल्याने त्याला जोडीदार लागत नाही. सोयाने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं ही जिममधली समजूत माणसांवरच्या अभ्यासांत टिकलेली नाही. मात्र थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया तिच्या शोषणात अडथळा आणतं, त्यामुळे गोळी आणि सोया यांत चारेक तासांचं अंतर ठेवा.

यादीत ग्लायसिन, टॉरिन असे सुटे अमिनो पदार्थ दिसले तर थांबा. प्रयोगशाळेत प्रोटीन सहसा थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं, अशी ती रीत आहे. यंत्राला नायट्रोजन कुठून आला ते कळत नाही. ग्लायसिन स्वस्त असतं, त्यात नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून ते मिसळलं की कागदावरचं प्रोटीन वाढतं आणि स्नायूंना उपयोगी पडणारं मात्र तेवढंच राहतं. अशा वेळी लेबलावर ल्युसिन हे अमिनो आम्ल किती लिहिलंय ते बघायचं. २४ ग्रॅम वनस्पती प्रोटीनमागे ते पावणेदोन ते दोन ग्रॅमच्या आसपास असायला हवं.

लेबलावरचा आकडा आणि डब्यातला माल यांत फरक पडतो, ही नुसती शंका नाही. केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात मिळणारी ३६ प्रोटीन उत्पादनं तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या जवळपास ७० टक्के उत्पादनांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून होणारं अफ्लाटॉक्सिनही सापडलं.

गोडवा कुठून आलाय ते शोधा

वाटाणा प्रोटीनची मूळ चव कडवट, कच्च्या शेंगेसारखी असते. ती झाकायची तर गोडी भरपूर घालावी लागते. म्हणून "साखर नाही" असं वाचलं की पुढचा प्रश्न विचारायचा, मग गोड कशाने लागतंय?

उत्तर यादीच्या शेवटी, आकड्यांत दडलेलं असतं. पाठ करण्यासारखे आकडे थोडेच आहेत. ९५५ म्हणजे सुक्रॅलोज, ९५० म्हणजे एसिसल्फेम पोटॅशियम, ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम आणि ९६० म्हणजे स्टीव्हिया. ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल आणि ९६८ एरिथ्रिटॉल. ओंकारच्या डब्यावर पुढे स्टीव्हियाचं पान छापलेलं होतं आणि मागे स्टीव्हियाच्या आधी सुक्रॅलोज होतं. म्हणजे वजनाने सुक्रॅलोज जास्त. सुक्रॅलोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड आहे, त्यामुळे ते यादीत तळाला असलं तरी चवीत सगळ्यांत पुढे असतं. यादीतली जागा बघून "थोडंसंच आहे" असं समजू नका.

सुक्रॅलोज विष आहे असं मी म्हणत नाही. त्याची रोजची मान्य मर्यादा दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ओंकारसाठी ९६० मिलिग्रॅम. एका स्कूपने तो तिच्या जवळपासही जात नाही. पण प्री-वर्कआउट, डाएट कोला, शुगर फ्री बिस्किटं आणि हा शेक असं सगळं रोज चालू असेल तर बेरीज करून बघा. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे स्वीटनर वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली आहे. कारण लांब पल्ल्यात त्याने वजन उतरल्याचं दिसलेलं नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ९५१ पूर्ण टाळायचं असतं. ९६५, ९६७ यांसारख्या गटातले पदार्थ जास्त झाले की पोटात गॅस धरतो, जुलाबही होतात. व्हे सोडून प्लांट प्रोटीन घेतलं तरी पोट फुगतंच आहे असं कुणी म्हटलं, तर मी आधी यादीत हे आकडे शोधते.

माल्टोडेक्स्ट्रिन हा वेगळा प्रकार. ते चवीला जेमतेम गोड असतं आणि नियमाप्रमाणे तक्त्यातल्या शर्करेच्या ओळीत मोजलं जात नाही. रक्तातली साखर मात्र ते ग्लुकोजइतक्याच झपाट्याने वाढवतं. ते सापडतं एकूण कार्बोहायड्रेटमध्ये. ओंकारच्या तक्त्यात कार्बोहायड्रेट ७ ग्रॅम, त्यात शर्करा ०.६ आणि तंतू १.८. सातातून दोन्ही वजा केले की ४.६ ग्रॅम उरतात. एरिथ्रिटॉलसारखं काही यादीत नव्हतं, तेव्हा हे उरलेलं म्हणजे मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन आणि वाटाण्यातला थोडा स्टार्च. पंचविशीतल्या, व्यायाम करणाऱ्या मुलाला साडेचार ग्रॅमने काही होत नाही. पण त्याच डब्यातून मधुमेह असलेले त्याचे वडील "नो अ‍ॅडेड शुगर" वाचून रोज सकाळी दोन स्कूप घेणार होते. त्यांच्यासाठी ते नऊ ग्रॅम झाले, तेही उपाशीपोटी.

दोन दाव्यांतला फरकही ध्यानात ठेवा. "शुगर फ्री" म्हणायला १०० ग्रॅममध्ये शर्करा अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. "नो अ‍ॅडेड शुगर"चा अर्थ वरून साखर घातली नाही एवढाच.

जड धातू: लेबल इथे गप्प बसतं

शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा. यांतलं काहीही डब्यावर छापलेलं नसतं. चवीला, वासाला, रंगाला कळत नाही, पाण्यात ढवळून दिसत नाही. त्यामुळे इथे कागद मागावा लागतो, आणि तो नीट वाचावा लागतो.

आधी हे धातू येतात कुठून ते पाहू. कुणी ते मुद्दाम घालत नाही. झाड मातीतून आणि पाण्यातून ते शोषतं. मग पावडर करताना ते दाट होतात. वाटाण्यात प्रोटीन पाव भागाच्या आसपास असतं, तेव्हा एक किलो आयसोलेट काढायला चार-पाच किलो वाटाणा लागतो. तांदळात प्रोटीन सात-आठ टक्केच, म्हणून एक किलो तांदूळ प्रोटीनसाठी दहा किलोंहून जास्त तांदूळ लागतो. धातूंचा काही भाग प्रोटीनलाच चिकटून राहतो आणि त्याच्यासोबत डब्यात येतो. भाताच्या खाचरात पाणी साचून राहतं, मातीतली हवा संपते आणि तिथलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. म्हणून तांदळाच्या बाबतीत आर्सेनिककडे जास्त लक्ष द्यायचं. कोकोच्या झाडाला मातीतून कॅडमियम मिळतं आणि बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून शिसं लागतं. "ऑरगॅनिक" शिक्क्याचा इथे उपयोग नाही. तो कीटकनाशकांबद्दल आणि खतांबद्दल बोलतो, मातीतल्या शिशाबद्दल नाही.

अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये २३ पावडरी आणि शेक तपासून निकाल दिले. वनस्पतीजन्य उत्पादनांत शिसं सरासरीने दुधाच्या उत्पादनांच्या नऊपट निघालं. तिथल्याच क्लीन लेबल प्रोजेक्टला चॉकलेट चवीच्या पावडरींत शिसं व्हॅनिलाच्या चौपटीपर्यंत आढळलं. हे निकाल तिकडच्या बाजारातले आहेत, पण कारणं मातीतली आणि प्रक्रियेतली असल्याने ती इकडेही लागू होतात.

किती म्हणजे जास्त? शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते हाडांत वर्षानुवर्षं साठतं. तरी तुलनेला काहीतरी आकडा लागतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम शिशाच्या वर इशारा छापावा लागतो. हा आकडा फार कडक आहे, कारण परिणाम न दिसलेल्या मात्रेचा हजारावा भाग घेऊन तो काढलाय. अमेरिकेच्या एफडीएने मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी सगळ्या खाण्यातून मिळून दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम हा संदर्भ आकडा ठेवलाय, लहान मुलांसाठी २.२. मी मोठ्यांना सांगते की एका पावडरीतून दिवसाला एक-दोन मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नका, कारण उरलेला वाटा पोळी, भाजी, मसाले आणि पाणी यांतून येतच असतो. ही मर्यादा माझ्या अंदाजाची आहे, कुठल्या नियमातली नव्हे.

अहवाल कसा वाचायचा

कंपनीला मेल करून तुमच्या बॅचचा जड धातूंचा अहवाल मागा. काही डब्यांवर क्यूआर कोड असतो, तोही स्कॅन करा. ओंकारने मेल केला आणि चार दिवसांनी त्याला एक पीडीएफ आली. तो खूश होऊन धावत आला, "काकू, सगळं पास आहे!" शेवटच्या ओळीत खरंच "अनुरूप" असं लिहिलं होतं. मग आम्ही दोघांनी तो वरून खाली वाचला.

पहिली ओळ बॅचची. अहवालातला बॅच नंबर डब्याच्या तळाशी छापलेल्या नंबराशी जुळत नव्हता, आणि तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती. त्याखाली नमुन्याचं वर्णन, व्हॅनिला. ओंकारचा डबा चॉकलेटचा. म्हणजे ज्या कोकोमुळे शिसं वाढण्याचा संभव जास्त, तो कोको या तपासणीत नव्हताच.

त्यानंतर प्रयोगशाळेचं नाव आणि प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचं चिन्ह. ते असेल तर त्या प्रयोगशाळेची मान्यता एनएबीएलच्या संकेतस्थळावर तपासता येते. चाचणीची पद्धत आयसीपी-एमएस असावी. इतक्या बारीक प्रमाणातले धातू पकडायला तेच यंत्र योग्य. आमच्यासारख्या प्रयोगशाळा तळाशी एक ओळ छापतात, की निकाल फक्त आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरता आहे. नमुना कंपनीनेच पाठवलेला असतो हे लक्षात असू द्या.

आता आकडे. शिसं दर किलोला ०.०६ मिलिग्रॅम, असं तिथे होतं. याचा हिशेब सोपा आहे, कारण दर किलोला एक मिलिग्रॅम म्हणजे दर ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम. अहवालातला आकडा स्कूपच्या ग्रॅमने गुणायचा. ०.०६ गुणिले ३६, म्हणजे एका स्कूपमध्ये सुमारे २.२ मायक्रोग्रॅम शिसं. ट्रेनरच्या सल्ल्याप्रमाणे तीन स्कूप घेतले असते तर साडेसहा. आकडा पीपीबीमध्ये, म्हणजे दर किलोला मायक्रोग्रॅममध्ये, दिला असेल तर गुणाकारानंतर १००० ने भागायचं.

कॅडमियमसमोर आकडाच नव्हता. तिथे "बीएलक्यू" अशी तीन अक्षरं होती आणि शेजारच्या रकान्यात ०.१. नवखा माणूस इथे हमखास फसतो. बीएलक्यूचा अर्थ "नाही" असा नाही. आमच्या मोजणीची सगळ्यांत खालची रेघ ०.१ आहे आणि नमुना तिच्या खाली आहे, एवढंच तो सांगतो. त्या रेघेला स्कूपने गुणा. ०.१ गुणिले ३६, म्हणजे ३.६ मायक्रोग्रॅम. एका स्कूपमध्ये जवळजवळ तितकं कॅडमियम असलं तरी हा अहवाल बीएलक्यूच म्हणेल. असेलच असं नाही, पण नाही असं म्हणायला हा कागद पुरत नाही. कॅलिफोर्नियाची कॅडमियमची इशारा पातळी दिवसाला ४.१ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे दोन स्कूपांत ती ओलांडली गेली तरी कळणार नाही. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निघायला दशकं लागतात. हीच रेघ ०.०१ असती तर जास्तीत जास्त ०.३६ मायक्रोग्रॅम, आणि मग बीएलक्यू वाचून खरंच निश्चिंत होता आलं असतं. चारही धातूंसमोर "बीएलक्यू" आणि रेघेचा आकडाच छापलेला नाही, असा अहवाल आला तर त्यावर विसंबू नका.

आर्सेनिक एकूण मोजलंय की असेंद्रिय, तेही पाहा. घातक ते मुख्यतः असेंद्रिय, आणि तांदळातलं बरंचसं आर्सेनिक त्याच रूपात असतं. फक्त एकूण आकडा दिला असेल तर तांदूळ प्रोटीनच्या बाबतीत तो जवळपास सगळा असेंद्रियच धरून चाला.

अहवाल मिळालाच नाही तर स्वतः तपासून घेता येतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात खासगी प्रयोगशाळा आहेत. जिममधले चारपाच जण एकच पावडर घेत असतील तर खर्च वाटून घ्या. सीलबंद डबाच द्या, उघडलेला नको. मोजणीची खालची रेघ किती ते पैसे भरण्याआधी विचारा.

दुकानात काय तपासायचं

नौपाड्यातलं दुकान असो, वाशीतलं असो की ऑनलाइन मागवलेला डबा, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतोच. तो foscos.fssai.gov.in वर टाका. तिथे निघालेलं नाव आणि पत्ता डब्यावरच्या उत्पादकाशी किंवा आयातदाराशी जुळला पाहिजे. "हेल्थ सप्लिमेंट" आणि "औषधी उपयोगासाठी नाही" या अर्थाचे शब्द लेबलावर असायला हवेत. परदेशी डब्यावर आयातदाराच्या नावपत्त्याचं लेबल नसेल तर तो परत ठेवा. जिममध्ये मोठ्या गोणीतून पिशवीत काढून दिलेली पावडर कितीही स्वस्त असली तरी नको, तिला बॅच नसतो आणि तक्रार करायला पत्ताही नसतो. बिल घ्या, डबा संपेपर्यंत जपून ठेवा.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा किती दमट असते ते वेगळं सांगायला नको. ओला चमचा डब्यात घालू नका, डबा ओट्यावर गॅसजवळ ठेवू नका. गोळे झाले, कुबट वास आला की टाकून द्या. बुरशीचं विष चाळून जात नाही.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मूल आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेला माणूस यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतलं काही घेऊ नये. पहिल्या दोघींच्या शरीरातलं शिसं बाळापर्यंत पोचतं.

ओंकारने चॉकलेटचा डबा बाजूला ठेवला आणि बिनचवीचं सोया आयसोलेट शोधलं. रोज एक स्कूप, ताकात जिरेपूड आणि मीठ घालून. सोयात धातू नसतातच असं नाही, म्हणून त्याही कंपनीला मेल गेला. तुम्हाला पाठवायचा असेल तर तोच मजकूर इथे देते:

"माझ्याकडे आपल्या उत्पादनाचा डबा आहे. बॅच क्रमांक अमुक, चव अमुक, उत्पादनाची तारीख अमुक. याच बॅचचा शिसं, कॅडमियम, असेंद्रिय आर्सेनिक आणि पारा यांचा, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल पाठवावा. प्रत्येक धातूसमोर मोजणीची खालची मर्यादा दिलेली असावी. एका स्कूपमध्ये सुक्रॅलोज किती मिलिग्रॅम आहे तेही कळवावं."

आठ दिवस वाट बघा. गोलमोल उत्तर आलं तर पुन्हा एकदा बॅच क्रमांकासह लिहा. तरीही अहवाल नाही मिळाला तर पुढचा डबा दुसऱ्या कंपनीचा घ्या. लेबलावरची माहिती खोटी वाटत असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या "फूड सेफ्टी कनेक्ट" अ‍ॅपवर तक्रार करा, सोबत बिलाचा आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो जोडा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. मात्र तसा तुमचा विचार आहे हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं.